घरातला धंद्याचा कोपरा : नागलीच्या पापडांवरून एक पाठ



जव्हार-मोखाड्याकडच्या गटांत फिरताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो. "पापड करता येतात, विकलेही जातात, पण पावसाळा संपेपर्यंत हातात काही उरत नाही. माल गेला कुठे तेच कळत नाही." म्हणून या वेळच्या पाठात पापड कसे करायचे हे सांगत नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले येते. केलेला माल घरात ठेवायचा कुठे आणि कसा, त्यापासून घरच्यांना इजा कशी होऊ नये, आणि घर व धंदा यांच्यात रेघ कुठे मारायची, एवढेच या पाठात पाहू.

आपला धंदा उन्हाळ्यातला आहे. फाल्गुन-चैत्रात नागली दळायची, उकड काढायची, लाटायचे, कडक उन्हात वाळवायचे. विक्री मात्र आषाढापासून दसऱ्या-दिवाळीपर्यंत चालते. म्हणजे चार-पाच महिने माल आपल्याच छपराखाली राहतो, आणि तेही नेमके त्या दिवसांत, जेव्हा भिंती ओल्या असतात, उंदीर घरात शिरलेले असतात आणि मुले दिवसभर घरात असतात. नफा-तोटा लाटण्याच्या दिवसांत कमी आणि या महिन्यांत जास्त ठरतो.

एका घराचे उदाहरण

एका गटातल्या ताईंचे घर मी दोन हंगाम जवळून पाहिले. ते तुमच्यापैकी अनेकींच्या घरासारखेच आहे. घर अठरा फूट बाय बारा फूट, कारवीचे कूड, वरून मातीचा लेप, वर कौले, पुढे पडवी. घरात नवरा, सासू आणि तीन मुले. पावसाळ्यात शेळ्या आणि कोंबड्या पडवीत बांधल्या जातात.

पहिल्या हंगामात त्यांनी ३६ किलो पापड केले. गटाकडून कर्ज काढून माल आणला होता. नागली, तीळ, जिरे, मीठ, पापडखार, तेल, दळण, सरपण, पिशव्या असे सगळे धरून किलोला सुमारे १२० रुपये खर्च आला, म्हणजे एकूण ४,३२० रुपये. विकण्याचा दर किलोला ३०० रुपये होता. पापड काही गोणपाटात, काही कणगीत, काही माळ्यावर असे ठेवले होते. दसऱ्याला हिशेबाला बसलो तेव्हा विकले गेलेले पापड २४ किलो निघाले. ३ किलो बुरशी येऊन टाकावे लागले होते. उरलेल्या ९ किलोंचे काय झाले हे कोणालाच सांगता येईना. पाहुणे आले, मुलांनी खाल्ले, शेजारणीला दिले, उंदरांनी नेले, असे प्रत्येकाने थोडे थोडे सांगितले. २४ किलोंचे ७,२०० रुपये आले आणि खर्च वजा जाता २,८८० रुपये राहिले. तेही घरखर्चाच्या डब्यात मिसळून गेल्यामुळे गटाचे हप्ते थकले. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे की गावातच राहायचे, हा विचार त्या घरात याच पैशांवर अवलंबून होता.

दुसऱ्या हंगामाआधी आम्ही त्या घरात एक कोपरा बसवला. तो कसा बसवला ते आता क्रमाने सांगते.

जागा निवडताना

कोपरा कुठे करायचा हे घराला विचारायचे. उन्हाळ्यात सगळ्या भिंती कोरड्याच दिसतात, म्हणून मागच्या श्रावणाची खूण शोधायची. आपल्याकडे पावसाचा मारा बहुतेक नैऋत्येकडून येतो. त्या बाजूच्या कुडावर खालून हात-दीड हात उंचीपर्यंत लेप काळपट, हिरवट किंवा सुटलेला दिसतो. ती भिंत सोडून द्यायची. मग वर पाहायचे. ज्या वाशांवर काजळी जाड आहे तिथे चुलीचा धूर आणि वाफ जाते. वाफेने पापड मऊ पडतात आणि धुराचा वास पिशवीतल्या पापडालाही लागतो. शेवटी खाली पाहायचे. उंदरांच्या लेंड्या, भिंतीकडेने पडलेली काळी तेलकट वाट, कुडावर चढलेली वाळवीची मातीची नळी, यांपैकी काही असेल तर आधी बिळे दगड-मातीने बुजवायची, नळी खरवडून काढायची आणि आठ दिवस पुन्हा येते का ते पाहायचे.

या ताईंच्या घरात चूल मागे पश्चिमेला होती. पूर्वेकडचा पुढचा कोपरा कोरडा निघाला, पण तिथे अंथरुणांची वळकटी आणि देवाची फळी होती. देवाला हात लावायचा नाही असे सासूबाईंनी आधीच सांगितले, आणि ते योग्यच होते. अंथरुणे दुसऱ्या भिंतीला गेली, देव जागेवर राहिले, आणि त्यांच्या शेजारी सहा फूट लांब, पाच फूट रुंद एवढी जागा मोकळी झाली. दोघी जणी समोरासमोर बसून लाटू शकतील आणि मागे माल राहील, एवढी ती पुरते.

मांडणी आणि डबे

माल जमिनीवर नको आणि भिंतीला टेकूनही नको. सारवलेली जमीन पावसाळ्यात खालून ओल ओढते आणि कूड बाहेरून ओढतो. दोन्हीकडे किमान वीतभर मोकळी जागा हवी. तेवढी जागा असली की हवा खेळते, झाडू फिरतो आणि उंदराची लेंडी पहिल्याच दिवशी दिसते.

आम्ही बांबूची मांडणी केली. लांबी पाच फूट, खोली एक फूट. पहिली फळी जमिनीपासून एक फुटावर, दुसरी अडीच फुटांवर आणि सगळ्यांत वरची चार फुटांवर. पाय चपट्या दगडांवर ठेवले, म्हणजे वाळवी चढू लागली तर दगडावर नळी लगेच दिसते. मांडणी भिंतीपासून सहा इंच पुढे ओढून कुडाच्या मेढीला दोरीने बांधली, कारण मूल लोंबकळले तर ती अंगावर येऊ नये.

पापड ठेवण्यासाठी बाजारात मिळणारे, पंधरा किलो तेलाच्या मापाचे, घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे घेतले. गोणपाट आणि कणगी धान्याला ठीक, पापडाला नाही, कारण दोन्हींतून दमट हवा आत जाते आणि उंदीर ते सहज कुरतडतो. प्लास्टिकची पिशवी दमट हवा अडवते, पण उंदराला अडवत नाही. पत्र्याचा डबा दोन्ही अडवतो. चार इंची लहान पापड चार थप्प्यांत लावले तर अशा एका डब्यात साधारण ३ किलो बसतात. म्हणून ३६ किलोंना बारा डबे लागले, एका फळीवर सहा आणि दुसरीवर सहा. नवे डबे एकदम घेणे परवडत नसेल तर तेलाचे जुने डबे चालतात. पण ते सोडा घालून गरम पाण्याने धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवून, तेलाचा वास पूर्ण गेल्यावरच वापरायचे. औषधाचा, खताचा किंवा रंगाचा डबा कितीही धुतला तरी घ्यायचा नाही.

डबे भरताना तीन गोष्टी पाळायच्या. पापड मोडून पाहायचा. तो कट्कन तुटला तर वाळला, वाकून मग तुटला तर अजून एक ऊन हवे. उन्हातून आणलेला पापड गरम असतानाच डब्यात घालायचा नाही, कारण झाकणाला आतून घाम येतो आणि तेच पाणी वरच्या थरावर पडून बुरशी धरते. संध्याकाळी सूपभर पसरून तो गार करायचा, पण रात्रीचा गारठा लागण्याआधी भरायचा. आणि डबा गच्च भरायचा. डब्यात मोकळी जागा जितकी जास्त, तितकी आत दमट हवा जास्त.

नागलीचे पीठ मात्र साठवू नये. नागलीचा दाणा नीट वाळलेला असेल तर वर्षानुवर्षे टिकतो, त्याला कीड सहसा लागत नाही. पण त्याचेच पीठ महिन्या-दीड महिन्यात कडवट लागू लागते. म्हणून दाणा साठवावा आणि दोन-तीन दिवसांपुरतेच दळून आणावे. दाणा पुरेसा वाळला आहे का हे पाहायची सोपी रीत आहे. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे आणि चमचाभर अगदी कोरडे मीठ घालून दोन-तीन मिनिटे हलवायचे आणि मग स्थिर ठेवायचे. काचेला मीठ चिकटून राहिले तर दाण्यात ओल आहे, त्याला आणखी ऊन द्यायचे.

एका वेळी एकच डबा

या पाठातली मुख्य गोष्ट हीच आहे. बारा डब्यांवर खडूने एक ते बारा असे आकडे घातले, भरल्याची तारीख आणि वजन लिहिले, आणि झाकणाच्या कडेला चिकटपट्टी लावून डबे बंद केले. विक्रीसाठी एका वेळी एकच डबा उघडायचा. तो संपल्याशिवाय दुसऱ्याची पट्टी काढायची नाही.

याने दोन कामे एकदम होतात. पहिले काम कोरडेपणाचे. श्रावणात डबा उघडला की दर वेळी दमट हवा आत जाते. बारा डबे रोज उघडले तर बाराही मऊ पडतील. एकच उघडला तर अकरा कोरडे राहतात. दुसरे काम हिशेबाचे. डबा संपला की त्यातल्या ३ किलोंचे पैसे, म्हणजे ९०० रुपये, पेटीत असायला हवेत. नसतील तर काय झाले ते त्याच आठवड्यात आठवते. दसऱ्याला आठवत नाही. हिशेब जुळल्यावरच पुढच्या डब्याची पट्टी काढायची.

उघड्या डब्यातला पापड मऊ झाला पण त्यावर डाग नाही, वास नाही, तर उघडीपीच्या दिवशी ऊन देऊन किंवा कोमट तव्यावर कोरडा करून तो चालतो. हिरवा, काळा किंवा पांढरा केसाळ डाग दिसला किंवा कुबट वास आला, तर तो पापड पुसून, पुन्हा वाळवून विकायचा नाही आणि घरीही खायचा नाही. बुरशीचे विष उन्हाने किंवा तळण्याने जाईलच असे नाही. एका डब्यात डाग दिसला तर त्याच दिवशी भरलेले बाकीचे डबेही उघडून पाहावेत, कारण त्या दिवसाचे वाळवण कच्चे राहिले असण्याची शक्यता असते.

कोपऱ्यातली जोखीम

खाण्याचा साठा उंदरांना बोलावतो आणि उंदीर सापाला बोलावतात. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा चावा कित्येकदा दुखतही नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते. म्हणून मांडणीजवळ कोणी झोपायचे नाही. पावसाळ्यात निदान मुलांना खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपवावे. अशी लक्षणे दिसली तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता, त्या माणसाला चालायला न लावता, सरळ दवाखान्यात न्यावे. सर्पदंशावरचे औषध तिथेच मिळते.

उंदीर मारण्यासाठी विष वापरू नका, पिंजरा लावा. विष खाल्लेला उंदीर कुठेही मरतो, कधी डब्याच्या मागे, कधी पिठाजवळ. उंदराचे विषारी औषध मुलाच्या हाती लागले तर पहिले एक-दोन दिवस मूल बरे दिसूनही नंतर यकृत निकामी होऊ शकते. त्याहून भयंकर आहेत धान्यात टाकायच्या गोळ्या. हवेतल्या ओलीने त्यांतून विषारी वायू निघतो. बंद घरात रात्रभर तो साठला तर झोपलेली माणसे उठत नाहीत. जिथे माणसे झोपतात तिथे या गोळ्या एकही नको, कणगीतही नको. शेतीची औषधे आणि फवारणीचा पंप घरात वाशाला टांगलेला असेल तर तो आधी बाहेर काढा आणि पडवीपलीकडे कुलपाच्या पेटीत ठेवा. या ताईंच्या घरात औषधाची अर्धी बाटली नेमकी मांडणीच्या वरच्या वाशाला लटकत होती. कोपरा बसवताना सर्वांत आधी ती हलवली.

पापडखार मीठ-साखरेसारखाच दिसतो, पण मुलाने चिमूटभर तोंडात टाकला तरी तोंड आणि घसा भाजू शकतो. तो सरबताच्या किंवा तेलाच्या जुन्या बाटलीत ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डबीत घालून, डबीला लाल रंगाची पट्टी ओढून, चार फुटांवरच्या फळीवर ठेवावा. ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांनाही लाल म्हणजे हात लावायचा नाही, हे कळते.

उकड या कोपऱ्यात काढायची नाही. ती चुलीवरच, आणि मुले शाळेत किंवा अंगणवाडीत असताना. उकळत्या पाण्याचे पातेले जमिनीवर उतरवून ठेवण्याची सवय आपल्याकडे आहे, आणि रांगते मूल तिथेच पोहोचते. पातेले उतरवायला चुलीशेजारी हातभर उंच दगडी ओटा करून घ्यावा. भाजलेच तर त्या जागी वीस मिनिटे साधे गार पाणी ओतत राहावे. हळद, पेस्ट, शाई काही लावू नये. फोड मोठा असेल किंवा तोंडावर, हातावर असेल तर दवाखान्यात जावे.

पिशव्या बंद करायचे विजेचे यंत्र असेल तर त्याला तीन पिनांची जोडणी हवी. दिव्याच्या होल्डरमधून वायर ओढून ते चालवू नये. काम झाले की पिन काढायची आणि पाते गार झाल्यावरच यंत्र वरच्या फळीवर ठेवायचे. रिकाम्या पिशव्यांचा गठ्ठा चुलीपासून आणि दिव्यापासून लांब ठेवावा.

घर आणि धंदा यांच्यातली रेघ

कोपऱ्याला आम्ही साडेतीन फूट उंचीची बांबूची तट्टी लावली आणि तिला एक छोटे फाटक ठेवले. पूर्ण उंचीची भिंत केली नाही. हवा आणि उजेड आत यायला हवा, आणि लाटणाऱ्या आईला उठून उभे राहिल्याबरोबर मूल दिसायला हवे. फाटकाची कडी बाहेरच्या बाजूने वर बांधली, लहान हात पोहोचणार नाहीत अशी. चपला फाटकाबाहेर, शेळ्या-कोंबड्या फाटकाबाहेर, आणि आत जायचे ते हात साबणाने धुऊन. जिला जुलाब किंवा ताप-खोकला आहे तिने बरे वाटेपर्यंत उकडीला हात लावायचा नाही. घरात धाकट्याला जुलाब असतील तर त्याचे करणारीने लाटायला बसू नये, त्या दिवशी दुसरीने बसावे.

वस्तूंचीही रेघ हवी. एक पातेले, एक चाळणी, दोन पोळपाट-लाटणी, वाळवणाचे प्लास्टिक आणि तराजू धंद्याचे. त्यांना लाल रंगाचा ठिपका लावला. ठिपक्याचे पातेले मासळीच्या कालवणाला जात नाही आणि घरचे पातेले उकडीला येत नाही. वजनमाप शिक्क्याचेच वापरावे, म्हणजे गिऱ्हाइकाशी वाद होत नाही.

वेळेची रेघ घराच्या चालीवरून ठरते. पाणी, स्वयंपाक, मुलांची शाळा उरकल्यावर नऊ ते एक लाटायचे. दुपार घराची. विक्री सकाळी आणि संध्याकाळी तासभर, तीही ओट्यावर. गिऱ्हाईक आत येत नाही. ओट्यावर बसल्या बसल्या गिऱ्हाइकाशी बोलायचे, पण कोपऱ्यात फक्त लाटणाऱ्या जायच्या. सासूबाईंना आधी हे आवडले नाही. "घरातलाच पापड, त्याला कसला हिशेब?" असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पाहुण्याला पापड न देणारे घर आपल्याकडे घर म्हणवत नाही. म्हणून देणे बंद केले नाही, देण्यासाठी वेगळा डबा केला.

बारा डब्यांपैकी एक डबा घरचा ठरवला. त्यावर आकडा नाही, एक फूल काढले आणि तो सासूबाईंच्या ताब्यात दिला. पाहुणे, शेजार, मुलांचे जेवण, सणवार, सगळे या ३ किलोंतून. फुटलेले पापडही वेगळे घरचेच, कारण ते कोणी विकत घेत नाही. घरचा डबा दसऱ्याआधी संपला तर पुढचा पापड दराने घ्यायचा, म्हणजे घरखर्चातून पैसे पेटीत टाकायचे. पावसाळा संपेपर्यंत सासूबाईंनी तो डबा पुरवला. मागच्या वर्षी जे ९ किलो हिशेबाबाहेर गेले, ते कोणाच्या वाईटपणाने गेले नव्हते. देण्याचा डबा आणि विकण्याचा डबा एकच होता, म्हणून गेले.

पैशांचीही हीच रीत. पेटीला दोन कप्पे केले. विक्रीचे पैसे एका कप्प्यात, घरखर्चाचे दुसऱ्यात. डबा संपला की ९०० मोजायचे. त्यातले माल-खर्चाचे ३६० रुपये वेगळे ठेवून पुढच्या हंगामासाठी आणि गटाच्या हप्त्यासाठी लगेच जमा करायचे. उरलेले ५४० तिची मजुरी आणि नफा, ते घरात वापरायला मोकळे. हे सगळे नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या समोर ठरले. किल्ली ताईंकडे राहिली, पण वही भिंतीला टांगलेली, कोणीही पाहावी अशी.

दुसऱ्या हंगामाचा हिशेब असा आला. केलेला माल तेवढाच, ३६ किलो. घरचा डबा ३ किलो, फूटतूट २ किलो, विकलेला माल ३१ किलो. आले ९,३०० रुपये, खर्च ४,३२०, उरले ४,९८० रुपये. बुरशीने एकही डबा गेला नाही. मांडणी, तट्टी आणि डबे यांवर जो खर्च झाला तो याच्या बाहेरचा आहे. बांबू घरचा होता, डब्यांचे पैसे मात्र या पहिल्या वर्षाच्या वाढीव कमाईतून गेले. हप्ते वेळेवर गेले. त्या वर्षी नवरा वीटभट्टीवर गेला, पण मुले आणि ताई गावातच राहिल्या आणि मुलांची शाळा सुटली नाही.

जिथे हे जमणार नाही

घर दहा बाय दहाची एकच खोली असेल आणि चूलही आतच असेल तर असा कोपरा होत नाही. ओढूनताणून केला तर धुराने माल जाईल आणि मुलांना निजायला जागा उरणार नाही. तिथे माल घरी ठेवूच नये. गटातल्या ज्या एकीचे घर कोरडे आणि ऐसपैस आहे तिच्याकडे सर्वांचे डबे, प्रत्येकीच्या खुणेचे, एका मांडणीवर ठेवावेत, तिला डब्यामागे थोडे भाडे द्यावे आणि घरी फक्त एक चालू डबा आणावा. एका वेळी एकच डबा, हा नियम तिथेही तसाच लागू होतो.

दुकानांना किंवा बाजारात बांधीव पिशवीतून माल द्यायचा असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते आणि पिशवीवर तिचा चौदा आकडी क्रमांक, मालाचे नाव, त्यातले जिन्नस, वजन, किंमत, तारीख आणि पत्ता छापावा लागतो. जागा पाहायला कोणी आले तर ते हाच कोपरा पाहतील. त्याविषयी पुढे स्वतंत्र पाठ घेऊ.

गटात बसून करायचा अभ्यास

१. मागच्या श्रावणात तुमच्या घरातली कोणती भिंत ओली होती? ती सोडून कोरडा कोपरा कोणता उरतो?

२. तुमच्या घरात शेतीचे औषध, उंदराचे विष किंवा धान्यातल्या गोळ्या आज कुठे आहेत? बैठक संपण्याआधी त्या कुठे हलवणार ते प्रत्येकीने सांगावे.

३. मागच्या हंगामात किती किलो माल केला, किती विकला, किती टाकला? राहिलेल्या किलोंचा आकडा काढा आणि दराने गुणा.

४. घरचा डबा किती किलोंचा ठेवायचा आणि तो कोणाच्या ताब्यात द्यायचा? हे घरच्यांना विचारून या आणि पुढच्या बैठकीत सांगा.